इर्शाळवाडीनंतरच्या प्रार्थनासभेचं प्रास्ताविक

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाखालच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकर समाजाची. वर जायला गाडीरस्ता नाही, पायवाट तेवढी. पावसात यंत्रं वर नेता आली नाहीत, त्यामुळे माती फावड्या-घमेल्यांनी उपसावी लागली. रविवारी 23 जुलैला शोधकार्य थांबवलं, तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती.

त्यानंतरच्या आठवड्यात जवळच्याच एका गावात प्रार्थनासभा ठरली आणि तिचं प्रास्ताविक आमच्याकडे आलं. प्रास्ताविक म्हणजे सभेची पहिली चार मिनिटं. एवढ्यासाठी दोन दिवस लागले आणि त्यातला बराचसा वेळ लिहिण्यापेक्षा खोडण्यात गेला. काय लिहिलं, काय खोडलं आणि का खोडलं, ते इथे मांडतो आहोत. हे काम शाळेतल्या बाईंवर, ग्रामपंचायतीच्या सदस्यावर किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यावर येतं, आणि ते येतं तेव्हा सभा दुसऱ्या दिवशी सकाळी असते.

सगळ्यात आधी आकडा ठरवावा लागला. बोलणारा प्रत्येक जण तोवर "चौऱ्याऐंशी गेले" असं म्हणू लागला होता. बेरीज बरोबर आहे, सत्तावीस अधिक सत्तावन्न. पण ही बेरीज सभेत करायची का, हा प्रश्न होता. ज्या घरातलं माणूस मिळालं, त्या घरानं त्याला पाहिलं आहे, शेवटचं पाणी पाजलं आहे. ज्या घरातलं मिळालं नाही, त्या घरानं काहीच पाहिलेलं नाही. त्या घरात दाराशी पाऊल वाजलं तरी माणसं मान वर करून बघतात. कायद्यातही बेपत्ता माणूस मेला असं धरून चालायला एरवी सात वर्षं जावी लागतात. मोठ्या आपत्तीत सरकार वेगळा निर्णय घेऊन ही वाट कमी करतं, कारण त्याशिवाय वारसांना मदत मिळत नाही. पण कागदावर निर्णय झाला म्हणून आईच्या मनात तो त्याच दिवशी होत नाही. माइकवरून आपण "चौऱ्याऐंशी दिवंगत" म्हणालो, की सत्तावन्न माणसांच्या घरच्यांच्या वतीनं, त्यांना न विचारता, तो निर्णय आपणच जाहीर करून टाकतो.

म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे घ्यायचे ठरलं, आणि तेही आकडे म्हणून मांडायचे नाहीत. "सत्तावीस जण मिळाले. सत्तावन्न जण मिळाले नाहीत." डोंगरातली माणसं असंच बोलत होती. "गावला का?" हाच प्रश्न चार दिवस पायथ्याशी ऐकू येत होता. सभेचं वाक्य त्याच अर्थाच्या क्रियापदावर उभं केलं.

याचा लगोलग परिणाम फलकावर झाला. छपाईसाठी गेलेल्या फ्लेक्सवर "भावपूर्ण श्रद्धांजली" असं होतं, खाली मृतांचा आकडा आणि कडेला मेणबत्त्यांची चित्रं. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात. बेपत्ता माणसाच्या बायकोनं त्या अक्षरांखाली बसायचं, हे तिला सांगणारे आपण कोण? फलक बदलला. पांढऱ्या कापडावर काळ्या अक्षरांत फक्त "प्रार्थनासभा, इर्शाळवाडी" आणि तारीख. फोटोही त्याच कारणानं लावले नाहीत. फोटो लावला की कोणीतरी हार आणतं, आणि हार घातला की प्रश्न मिटवल्यासारखं होतं. फोटोंच्या जागी एकच समई ठेवली. चौऱ्याऐंशी पणत्या मांडायची सूचना आली होती, तीही याच विचारानं बाजूला ठेवली. आकड्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो फलकावर कधीच छापू नये, कारण तो बदलतो. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला 30 जुलै 2014 ला दरड कोसळली, तेव्हा पहिले कित्येक दिवस आकडा रोज चढत होता आणि अखेर 151 वर थांबला. पहिल्या दिवसांत छापलेला आकडा तिसऱ्या दिवशी खोटा ठरतो, आणि ज्यांचं माणूस त्या आकड्याबाहेर राहिलं त्यांना तो फार लागतो.

आता वाक्यांकडे येतो. पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "निसर्गाच्या कोपामुळे काळाच्या पडद्याआड गेलेल्या आपल्या दिवंगत बांधवांना भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करण्यासाठी आज आपण येथे जमलो आहोत." हे वाक्य आपण सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलं आहे आणि हात आपोआप तेच लिहितो. ते शब्दाशब्दानं तपासलं तेव्हा त्यातलं जवळजवळ काहीच टिकलं नाही.

"कोप" हा रागाचा शब्द आहे. राग कोणावर तरी असतो. निसर्ग कोपला म्हटलं, की ज्यांच्यावर कोपला त्यांनी काहीतरी केलं असणार असा अर्थ मागोमाग येतो, आणि त्या वाडीतल्या माणसांनी काय केलं होतं? जेवून झोपली होती. "काळाच्या पडद्याआड" हे म्हातारपणानं गेलेल्या नामवंत माणसाला शोभतं. मातीखाली गेलेल्याच्या भावाला त्या पडद्याचं काय करायचं? "दिवंगत" का नको ते वर आलंच. "बांधव" म्हटल्यावर त्यात बायका येत नाहीत, मुलं येत नाहीत; घरं झोपेत असताना गेली आहेत, तेव्हा त्यात तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळी होती. आणि "भावपूर्ण" हे आपण आपल्याच भावनेला दिलेलं प्रमाणपत्र आहे. उरलं काय, तर "आज आपण येथे जमलो आहोत". ते समोरच्यांना दिसतंच आहे.

शेवटी पहिलं वाक्य साधं घटनेचं झालं: वार, तारीख, रात्र, गावाचं नाव, काय झालं. "बुधवारी, 19 जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड कोसळली." आम्हाला आधी वाटलं होतं की हे सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा कशाला. पण वाचून बघितल्यावर कळलं की घटना सरळ शब्दांत, मोठ्यानं उच्चारली की सभागृहातला ताण सैलावतो. जे झालं ते कोणी झाकत नाही, सजवत नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं. "दरड कोसळली" यात दोष कोणाचाच नाही, देवाचाही नाही आणि माणसाचाही नाही. प्रास्ताविकाला तेवढंच कारण पुरतं.

इथेच राजकारणाचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालत नाही. पुनर्वसन आधी का झालं नाही, ही जागा धोक्याच्या यादीत होती की नव्हती, यावर त्या आठवड्यात सगळीकडे बोललं जात होतं. ते प्रश्न खरे आहेत. आमच्या दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य होतं: "ही वेळ प्रश्न विचारण्याची नाही." ते मुद्दाम एका ठाकर कार्यकर्त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आमाला गप बसा म्हनताय का?" त्याचं बरोबर होतं. अराजकीय राहायच्या नादात आपण शोकात असलेल्या माणसाचं तोंड बंद करत होतो, आणि असं तोंड बंद करणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे. वाक्य असं बदललं: "मनात प्रश्न असतील. ते विचारायचेच आहेत. त्यांची जागा वेगळी आहे आणि ती जागा कोणी अडवणार नाही." प्रश्न मान्य केले, उत्तर दिलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. याच्या पुढे प्रास्ताविकानं जाऊ नये. आश्वासनही देऊ नये. "तुम्हाला घरं मिळतील" हे वाक्य ज्याच्या हातात घर देणं आहे त्यानं, योग्य ठिकाणी बोलावं. चार मिनिटं माइक हातात आहे म्हणून आपण बोलू नये.

राजकारण खरं तर वाक्यांतून कमी आणि मांडणीतून जास्त शिरतं. मंच, त्यावर खुर्च्या, खुर्च्यांमागे नावं, "व्यासपीठावर विराजमान", मग स्वागत, मग कोणाचं नाव आधी घेतलं यावरून कुजबुज. यातलं काहीही प्रास्ताविकात आलं की सभा त्यांची होते. म्हणून मंचच काढला. सगळे सतरंजीवर, म्हाताऱ्यांसाठी कडेनं खुर्च्या. माइक बाजूला, समईजवळ. येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आणि अधिकाऱ्याला दाराशीच, हात जोडून, एकाच माणसानं सांगायचं: "साहेब, आज कोणाचं भाषण नाही, स्वागत नाही. आपण बसा." हे दाराशीच सांगावं लागतं. आत आल्यावर, माणसं बघत असताना सांगितलं तर त्याला अपमान वाटतो आणि मग तो बोलल्याशिवाय जात नाही. प्रास्ताविकातही एक ओळ ठेवली: "इथे कोणी भाषण करणार नाही." ही ओळ माइकवरून एकदा गेली की नंतर चिठ्ठी पाठवून "साहेबांना दोन शब्द बोलायचे आहेत" म्हणणं अवघड होतं. आभारही घेतले नाहीत. आभाराची यादी सुरू केली की ती संपत नाही, आणि कोणीतरी राहतंच.

एका माणसाचा उल्लेख मात्र आम्ही हट्टानं ठेवला. पहिल्या बातमीनंतर मदतीसाठी वर चढत असताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. वाडीच्या यादीत त्यांचं नाव येत नाही, कारण ते वाडीचे नव्हते. अशी नावं श्रद्धांजलीच्या सभांत नेहमी सुटतात. मदतीला गेलेला माणूस गावाच्या हिशेबातही नसतो आणि त्याच्या खात्याचा शोक दुसऱ्याच शहरात होतो. सभेत त्यांचं नाव घेतलं. इथे लिहीत नाही.

मुलांबद्दलचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा बदललं. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि त्यातल्या काहींचे आईवडील गेले. बातम्यांत त्यांच्यासाठी "अनाथ" हा शब्द सर्रास आला होता आणि आमच्या मसुद्यातही आला. ही मुलं सभेला समोर बसणार होती. मोठ्या माणसाच्या तोंडून, माइकवरून, आपल्यासाठी तो शब्द पहिल्यांदा ऐकायचा, हे त्या मुलाच्या वाट्याला कशासाठी? "दैव बलवत्तर म्हणून वाचली" हेही काढलं. वाचलेल्या मुलाच्या मनात आधीच "मीच का" हे असतं, त्यात दैवाचं ओझं नको. शेवटी मुलांसाठी वेगळं वाक्यच ठेवलं नाही. "जे त्या रात्री वाचले त्यांच्यासाठीही" या शब्दांत ती आली, मोठ्यांच्या बरोबरीनं.

भाषेचं एक पथ्य इथेच सांगतो. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना "शोकाकुल", "मृतात्म्यास सद्गती", "आघात" हे शब्द परके वाटतात. पण म्हणून त्यांची ठाकरी बोली आपण बोलून दाखवायची नाही, ती नक्कल होते. साधी मराठी बोलायची: गेली, मिळाली नाहीत, वाट बघतात, आठवण. ही सगळ्यांना पोचते.

इतकं झाल्यावर जो मजकूर वाचला गेला तो असा:

"नमस्कार. सगळ्यांनी बसून घ्या. मागे अजून सतरंजी टाकली आहे.

बुधवारी, 19 जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली माणसं आपापल्या घरात होती. सत्तावीस जण मिळाले, ते आता आपल्यात नाहीत. सत्तावन्न जण मिळाले नाहीत. चार दिवस माती उपसून त्यांना शोधलं. रविवारी शोध थांबला. त्यांची माणसं आज इथे बसली आहेत.

ही सभा जे मिळाले त्यांच्यासाठी आहे, जे मिळाले नाहीत त्यांच्यासाठी आहे, आणि जे त्या रात्री वाचले त्यांच्यासाठीही आहे.

वाडीतल्या माणसांना काढायला डोंगर चढत असताना अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते या वाडीचे नव्हते. वाडीसाठी आले होते. त्यांचीही आठवण आपण करणार आहोत.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना आम्ही काही समजावणार नाही. रडू आलं तर रडा. बाहेर जावंसं वाटलं तर जा. ओट्यावर पाणी आहे, बसायला जागा आहे, सोबत कोणीतरी असेल. परत यावंसं वाटलं की या.

मनात प्रश्न असतील. ते विचारायचेच आहेत. त्यांची जागा वेगळी आहे आणि ती जागा कोणी अडवणार नाही. आत्ताचा वेळ फक्त आपल्या माणसांचा आहे. इथे कोणी भाषण करणार नाही.

आता काय होईल ते सांगतो. आधी एकेका घराची नावं वाचली जातील. नाव आलं म्हणून उभं राहायची गरज नाही. मग दोन मिनिटं सगळे शांत बसू. मग प्रार्थना म्हणू. त्यानंतर ज्यांना आपल्या माणसाची एखादी गोष्ट सांगावीशी वाटेल, त्यांनी बसल्या जागेवरून सांगा, माइक तिथे आणून देऊ. शेवटी चहा आहे. कोणालाही घाई नाही."

हे दोनशेच्या थोडं आत-बाहेर शब्द आहेत. एरवी मराठी भाषणाचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या घरात जातो. शोकसभेत तो सत्तर-ऐंशीवर आणावा लागतो, आणि परिच्छेदांमध्ये थांबायला जागा लागते, म्हणून या मजकुराला चार मिनिटं लागली. लिहिणाऱ्याला तो घरी दोन मिनिटांचा वाटतो आणि मग तो त्यात भर घालत बसतो. भर घालू नये. घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्यानं वाचावं.

अर्ध्याच्या जवळपास भाग हा "आता काय होईल" आणि "तुम्ही काय करू शकता" याचा आहे, हे लक्षात येईल. ते मुद्दाम आहे. शोकातल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास पुढे काय होणार हे माहीत नसल्याचा होतो: आता उभं राहायचं का, मला बोलायला लावतील का, पोर रडलं तर बाहेर जाऊ का. हे आधीच सांगून टाकलं की तो सैल बसतो. सांत्वनाची वाक्यं आम्ही जवळपास काढून टाकली, आणि "ओट्यावर पाणी आहे" ही ओळ राहिली. तिच्यासाठी ओट्यावर खरोखर पाण्याचं पिंप, दोन खुर्च्या आणि एक शांत स्वभावाची बाई ठेवावी लागते. माइकवरून सांगितलेली सोय जागेवर नसेल, तर सांगितलं नसतं तर बरं.

वाचायचा कागद हा वेगळाच विषय आहे. फोन नको. स्क्रीन विझते, मधेच फोन वाजतो, आणि हात थरथरला की ओळ हरवते. कागद एका बाजूनं छापलेला, अक्षर 18 च्या आकाराचं, ओळींत मोकळी जागा, आणि पान वाक्य संपतं तिथेच संपलेलं. थांबायच्या जागी पेन्सिलीनं आडवी रेघ. "मिळाले नाहीत" नंतर आमची रेघ सगळ्यात लांब होती. दुसरी प्रत शेजारी बसलेल्या माणसाकडे. वाचणाऱ्याचा गळा दाटून येऊ शकतो, त्यात कमीपणा काही नाही. मोठा श्वास घेऊन तेच वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर शेजारच्यानं उठून, काही न बोलता, तिथूनच पुढे वाचायचं. माफी मागायची नाही.

आणि जुलै महिना आहे हे विसरायचं नाही. कोकणपट्टीतली बहुतेक सभागृहं पत्र्याची. सर आली की पत्र्यावर असा आवाज होतो की पाच हातांवरचं ऐकू येत नाही. अशा वेळी आवाज चढवला की प्रार्थनासभेचा सूर जाऊन ओरडा होतो. आवाज तोच ठेवून माइक चार बोटांवर आणायचा, आणि तरी नाही पोचलं तर सरळ थांबायचं, सर ओसरेपर्यंत. त्या माणसांसाठी पावसाचा तो आवाज साधा आवाज नाही. त्यावर मात करायला जाऊ नये. दिवे जातील म्हणून बॅटरीवर चालणारा स्पीकर आधीच भरून ठेवला होता.

मध्येच कोणी हंबरडा फोडला तर काय करायचं, हे ठरवून ठेवलं होतं. "कृपया शांतता राखा" हे वाक्य प्रार्थनासभेत कधीही उच्चारायचं नाही. वाचणाऱ्यानं थांबायचं, कागदाकडे न बघता त्या माणसाकडेही टक लावून न बघता, समईकडे बघत उभं राहायचं. जवळच्या बायका त्या बाईला धरतात, ते त्यांचं काम त्या जाणतात. आवाज ओसरला की अपुरं वाक्य पहिल्यापासून.

दोन मिनिटांच्या स्तब्धतेचं मात्र आधी पक्कं करावं लागतं. 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता देशभर दोन मिनिटं पाळली जातात, शाळेपासून सगळ्यांना त्याची सवय आहे, आणि तरीही बहुतेक सभांत ही दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात. कारण सांगणारा मनात मोजतो, आणि शांततेत मन पळतं. घड्याळ लागतं, आणि ते बघणारा माणूस वाचणाऱ्याहून वेगळा लागतो. आम्ही उभं राहायला सांगितलं नाही; वाडीतून खाली आलेल्यांत जखमी होते, म्हातारे होते. सुरुवात कशी होईल आणि शेवट कसा कळेल, हे आधी सांगायचं. एक छोटी घंटा, एक टोल सुरुवातीला, एक शेवटी. संपल्यावर सवयीनं "ॐ शांती" येतं. सगळ्यांची श्रद्धा एकच आहे असं धरून चालू नये म्हणून आम्ही फक्त "आता प्रार्थना" एवढंच म्हणायचं ठरवलं. प्रार्थना कोणती, हे घरच्यांना विचारून घेतलं.

नावांची यादी प्रास्ताविकाचा भाग नाही, पण प्रास्ताविक तिच्याकडे नेतं, म्हणून ती त्याच हातांनी करावी. सरकारी यादी वर्णानुक्रमानं किंवा मृतदेह मिळाल्याच्या क्रमानं असते. वाडीत आडनावं मोजकीच. वर्णानुक्रमानं वाचलं की एकच आडनाव वीस वेळा येतं आणि कुठलं घर कुठलं ते कोणालाच कळत नाही. आम्ही वाडीतून वाचलेल्या दोघांना घेऊन बसलो आणि यादी घरांच्या क्रमानं लावली, वाडीत शिरल्यावर पहिलं घर, मग त्याच्या शेजारचं. एका घराची सगळी नावं एकत्र, त्या घराचे बेपत्ताही त्यातच, वेगळ्या यादीत नाहीत. नावाआधी "कै." कोणालाच नाही. कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असेल तर दोन्ही. मग ती यादी त्या दोघांसमोर मोठ्यानं वाचली आणि उच्चार चुकला तिथे काना-मात्रा सुधारून घेतला. एका नावाला साधारण चार सेकंद धरले, तर चौऱ्याऐंशी नावांना साडेपाच-सहा मिनिटं लागतात, घरांमधली थांबण्याची जागा धरून सात-आठ. लांबतंय म्हणून ती कोणी "प्रातिनिधिक" करायला सुचवतं. तसं अजिबात करू नये. सभा लांबली तर चहा उशिरा होईल.

यादीच्या शेवटी पाच-सहा ओळी कोऱ्या सोडल्या होत्या आणि वाचणाऱ्याच्या खिशात पेन होतं. कारण असं हमखास होतं: नावं वाचून होत आली की मागच्या रांगेतून कोणीतरी उठून येतं आणि कानाशी सांगतं, आमच्याकडे पाहुणी आली होती, तिचं नाव घेतलं नाही. त्या क्षणी "यादी तपासून नंतर सांगतो" म्हणायचं नाही. नाव विचारायचं, गाव विचारायचं, कोणाच्या घरी आली होती ते विचारायचं, कोऱ्या ओळीवर सावकाश लिहायचं, लिहिलेलं त्यांना दाखवायचं, आणि मग ते घर पुन्हा घेऊन, त्या घराच्या पहिल्या नावापासून, त्या पाहुणीच्या नावापर्यंत वाचायचं.